बाजार समितीच्या फाटकावरचं ताक: दोन जावांच्या एका उन्हाळ्याचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. तिथून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर दोन जावा राहतात. दारात दोन गायी, दिवसाला अठरा-वीस लिटर दूध, आणि ते सगळं संकलन केंद्रावर जायचं. लिटरला ३२ रुपये मिळत. दुधाचे पैसे दहा दिवसांनी यायचे आणि पेंडीच्या उधारीतच जिरायचे. मार्चमध्ये धाकटीने विषय काढला, "आक्का, उन्हाळाभर ताक विकून बघू या का?" बचत गटाच्या वह्या बघण्याच्या निमित्ताने त्यांचा हिशेब माझ्यासमोर होता, म्हणून हे प्रकरण लिहिता येतंय. त्यांच्या सांगण्यावरून नावं देत नाही.

ताकच का, याचं उत्तर सोपं आहे. रसवंती टाकायची तर चरक घ्यावा लागतो. शिवाय उसाचा रस काढल्या काढल्या काळवंडायला लागतो, म्हणजे गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय काढताच येत नाही. गोळा तर सगळाच बर्फ, आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे गाडीवाल्याच्या हातात नसतं. लिंबू सोड्यात सगळं विकत आणायचं, घरचं काही नाही. ताकाला लागणारं दूध मात्र दारात होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या दिवशी ताक लावायचं नाही त्या दिवशी तेच दूध संध्याकाळच्या संकलनात घालता येत होतं. दुधाला ही दुसरी वाट आहे याची किंमत त्यांना पुढे कळली.

पहिली जागा

पहिले काही दिवस त्यांनी एसटी स्टँडच्या बाहेर टेबल मांडलं. गर्दी तिथेच, हा सगळ्यांचाच हिशेब असतो. दिवसाला तीस-पस्तीस ग्लासांच्या वर खप गेला नाही. स्टँडसमोर आधीच तीन गुऱ्हाळं होती, घुंगरू वाजवणारी, मंडप टाकलेली, बसायला बाक असलेली. पण खरं कारण धाकटीने चार दिवसांत हेरलं. बाईमाणूस लांबच्या गाडीत बसायच्या आधी पाणीसुद्धा जपून पितं, कारण वाटेत उतरून जायची सोय नाही. ती ताक कशाला पिईल? पुरुष पितात, पण गाडी लागली की अर्धा ग्लास ठेवून पळतात, नाही तर हातात धरून नेता येईल अशी बाटली घेतात. स्टँडवरची गर्दी वाहती असते. उघड्या ग्लासातल्या पेयाला थांबलेलं माणूस लागतं.

मग दोघी एक दिवस टेबल न लावता नुसत्या फिरल्या. तहसील कचेरी, दवाखान्यांची गल्ली, बाजार समिती. किती माणसं गेली हे त्यांनी मोजलं नाही. सावलीत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ किती जण उभे आहेत, ते बघितलं. बाजार समितीत ज्वारी-तुरीची आवक चालू होती. शेतकरी सकाळी माल उतरवतो, लिलावाची वाट बघतो, मग वजनाची, मग आडत्याकडून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, मिळायची. दुपारी एक ते तीनला तो पट्टीसाठी ताटकळलेला असतो, आणि खिशात पैसे येणार हे त्याला माहीत असतं. हमाल तर दिवसभर तिथेच. घामाने अंगातलं मीठ गेलेलं असतं, त्यामुळे त्यांना गोड पेयापेक्षा खारट ताक हवं असतं, आणि बारा-साडेबाराला फडक्यातली भाकरी सोडली की ताक लागतंच. हे गिऱ्हाईक रोजचं. चव बिघडली तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगणारं.

फाटकाच्या आत एक मोठा कडुनिंब आहे. झाडाखाली नेमकी कुठली बाजू धरायची हेही बघावं लागतं. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून झाडाच्या पूर्वेला टेबल ठेवलं तर धंद्याच्या वेळी सावली टेबलावर पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात या भागात सूर्य मध्यान्हीला जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा बुंध्याला चिकटून उभं राहावं लागलं. सावली गिऱ्हाइकासाठी हवीच, पण तिच्यावर ताकही टिकतं. उन्हात ठेवलेला स्टीलचा कॅन तासाभरात हाताला गरम लागतो.

बाजार समितीच्या कार्यालयातून रीतसर विचारून जागा घेतली, रोजचे २० रुपये पावतीने. अन्न व्यवसायाची नोंदणीही केली. तिचं शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं, आणि लहान विक्रेत्यांना मोठा परवाना लागत नाही, ही नोंदणी पुरते.

रात्रीचं विरजण

उन्हाळ्यात दही लावायची वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. थंडीत आठ-दहा तास घेणारं दही एप्रिलमध्ये चार-पाच तासांत लागतं. संध्याकाळी सातला विरजलं तर मध्यरात्री दही तयार, आणि पहाटेपर्यंत ते आंबतच राहतं. म्हणजे ताक करायच्या आधीच निम्मं आयुष्य संपलेलं. म्हणून संध्याकाळचं दूध उकळून, कोमट करून, रात्री साडेदहाच्या पुढे विरजायचं ठरलं, आणि विरजणही नेहमीच्या निम्मं. पहाटे चारला दही लागलेलं असे. लगेच पातेली थंड पाण्याच्या टोपात बसवायची.

घुसळणंही पहाटेच, कारण दही थंड असलं तरच लोणी गोळा होतं. दही उबदार झालं की लोणी मऊ राहतं, रवीला तेलकट थर येतो आणि निम्मं लोणी ताकातच जातं. ते ताक पिणाऱ्याच्या ओठाला चिकटतं आणि पुढे खवट वासही धरतं. १२ लिटर दुधाच्या दह्यात उकळून थंड केलेलं सहा लिटर पाणी घालून विजेच्या रवीने घुसळलं की लोणी निघून साधारण साडेसतरा लिटर घट्ट ताक उरायचं. लोण्याचं तूप ३०० ग्रॅमच्या आसपास. ते गावातच ६०० रुपये किलोने जायचं, म्हणजे रोजचे १८० रुपये ताक विकायच्या आधीच. हे पैसे थोरलीने वेगळ्या डब्यात ठेवले, आणि मला वाटतं तिथेच तिने धंदा ओळखला.

भांडी सगळी स्टीलची. घरी पितळेचा मोठा हंडा होता, धाकटीच्या मनात तो मांडायचा होता, दिसायला छान म्हणून. कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकतं, हे तिच्या सासूने जागच्या जागी सुनावलं आणि तो विषय संपला.

फसफसलेलं ताक

सुरुवातीला त्या सगळं ताक घरीच पातळ करून, मसाला घालून, दोन कॅन भरून नेत. एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी कॅनचं झाकण उघडलं तर वर फेस. ढवळला, पुन्हा आला. वास आंबट नव्हता, शिळ्या इडलीच्या पिठासारखा होता.

"आक्का, हे काय फसफसतंय गं?"

"दूधच नासकं निघालं असंल."

"दूध नासलं असतं तर दही लागलंच नसतं की."

धाकटीचं म्हणणं बरोबर होतं. ताक आंबट होणं आणि ताक बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दह्यातले जीवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, ते उन्हात जोरात होतं, ताक आंबट होतं. पण नेहमीचं दही फेस आणत नाही. आपोआप बुडबुडे, झाकणाखाली दाब, पिठासारखा किंवा ताडीसारखा वास, जिभेच्या मागे कडवटपणा, ओगराळ्याला सुटणारी तार, यातलं काही दिसलं तर बाहेरून दुसरं काहीतरी आत आलंय. उलट वर निवळ पाणी आणि खाली साका बसणं हा दोष नाही. पातळ ताक उभं ठेवलं की ते होतंच, ढवळून द्यावं. गिऱ्हाईक मात्र त्यालाच नासलेलं म्हणतं.

त्या दिवशीचं ताक ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी चार ग्लास भरून, झाकून, झाडाखाली ठेवले. एकात नुसतं घट्ट ताक, दुसऱ्यात तेच जारचं पाणी घालून, तिसऱ्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, चौथ्यात हिरवं वाटण. तीन वाजता पहिले तीन फक्त आंबट झाले होते. चौथ्याला फेस होता.

वाटणात कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं. कोथिंबिरीची जुडी मुळांसकट, मातीसकट यायची आणि हौदाच्या पाण्यात एकदा बुडवून निघायची. वाटण रात्रीच करून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचं, म्हणजे पहाटे घाई नको. रात्रभराच्या उकाड्यात ते डब्यातच आंबत होतं, आणि सकाळी ओगराळंभर ते सगळ्या कॅनमध्ये जात होतं. कच्चं वाटण बंद झालं. त्याच्या जागी तुपाची फोडणी आली: जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेलं आलं-मिरची, सगळं चांगलं तडतडलेलं आणि पहाटे ताजं केलेलं. वर भाजलेलं जिरं आणि पादेलोण. हमालांना ही चव जास्त आवडली.

याच आठवड्यात शेजारच्या एका गाडीवाल्याने सल्ला दिला होता, ताक आंबलं की चिमूटभर खायचा सोडा टाका, आंबटपणा मरतो. मरतो खरा. पण ताकाचं जे काही संरक्षण आहे ते त्या आम्लातच आहे. आंबट ताकात घाणीतले बरेचसे जंतू वाढत नाहीत. सोडा टाकून आंबटपणा मारला की त्यांना रान मोकळं होतं, आणि वर गिऱ्हाइकाला ताजं असल्याचा भास. साखर घालून आंबटपणा झाकणंही त्याच जातीचं. जास्त आंबलेलं ताक विकायचं नाही, एवढंच.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. चार ग्लासांच्या परीक्षेत फसफसणं सापडतं, जुलाब-उलटीचे जंतू सापडत नाहीत. ते फेस आणत नाहीत, वास बदलत नाहीत, चवही नाही. ते पाण्यातून, बर्फातून आणि हातातून येतात, त्यामुळे त्यांच्यावर इलाज चाखून होत नाही.

बर्फ बाहेर, ताक आत

पाण्याचं असं ठरलं की घुसळायला उकळून गार केलेलं आणि पातळ करायला जारचं. पण थंड पाण्याचे जे वीस लिटरचे जार गावोगाव फिरतात ते सीलबंद नसतात, पाणी गार आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट करून घेतली. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. जारचं पाणी रंग न बदलता तसंच राहिलं. तेव्हापासून जार आला की त्यात मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालायचे आणि अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास पाळणं अवघड जातं, कारण पाणी लागतं ते गर्दीच्या वेळी. त्यांनी एक जार नेहमी पुढचा ठेवला, सकाळीच औषध घातलेला.

बर्फाचा प्रश्न त्यांनी वेगळ्याच तऱ्हेने सोडवला, आणि या प्रकरणातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. न खाण्याचा बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालावा, असा नियम २०१८ पासून आहे. तरी पांढरी लादी दिसली म्हणजे ती पिण्याच्या पाण्याची असं गृहीत धरता येत नाही. शिवाय कारखाना स्वच्छ असला तरी लादी भुश्यात, गोणपाटात, टेम्पोच्या फळीवरून येते आणि जमिनीवर ठेवून टोच्याने फोडली जाते. म्हणून बर्फ ताकात घालायचाच नाही. मोठ्या टोपात फोडलेला बर्फ आणि दोन मुठी खडे मीठ, त्यात ताकाचा कॅन मानेपर्यंत रुतवलेला, वरून ओलं गोणपाट. मिठामुळे बर्फ नुसत्यापेक्षा जास्त गार होतो. पातळ करायचं पाणीही लागेल तेवढंच अशाच टोपात गार करायचं. "बर्फ टाका की मावशी" असं म्हणणारे होतेच. त्यांना धाकटी ग्लास हातात देऊन म्हणायची, "दादा, आधी पिऊन बघा, बर्फ लागला तर सांगा." ग्लास गार लागला की बहुतेक जण पुन्हा मागत नव्हते. ज्यांनी मागितलाच, त्यांना नाही सांगितलं. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यापायी गेली.

फायदा दुहेरी झाला. बर्फ वितळून ताक पाणचट होणं थांबलं. आणि पातळ ३५ लिटर गार ठेवण्याऐवजी साडेसतरा लिटर घट्ट ताक गार ठेवायचं झालं, त्यामुळे २० किलो बर्फात दिवस निघू लागला. गिऱ्हाईक वाढलं की तीन लिटर घट्ट ताक, तीन लिटर पाणी, मीठ आणि फोडणी असं सहा लिटरच कालवायचं. ते संपत आलं की पुढचं. कालवलेलं उरलं तर संध्याकाळी गायींना. न उघडलेला घट्ट ताकाचा कॅन मात्र गारच परत जायचा, घरी कढी नाही तर ज्वारीची आंबील. विरजण नेहमी घरच्या बिनमसाल्याच्या दह्यातून वेगळं काढलेलं. टेबलावरून परतलेल्या ताकाचा थेंबही त्यात जात नव्हता.

ग्लास धुण्याची बादली हा सगळ्याच गाड्यांवरचा घाणेरडा कोपरा. पहिल्या ग्लासाची लाळ पन्नासाव्या ग्लासाला लागते. दीडशे स्टीलचे ग्लास वाहत्या पाण्यात धुवायचे तर तेवढं पाणी झाडाखाली कुठून आणणार? कागदी ग्लास घेतले, एकाला ८० पैसे. कचऱ्याचं पोतं शेजारीच बांधलं. पैसे थोरली घ्यायची, ताकाला हात धाकटीचाच, आणि मोड देण्याच्या घाईतसुद्धा हे बदललं नाही. एकट्या माणसाला हे जमत नाही. त्याने निदान पैसे ठेवायचा डबा गिऱ्हाइकासमोर सरकवावा. कॅनची तोटी रोज रात्री सुटी करून उकळत्या पाण्यात टाकायची. बाहेरून कॅन लखलखीत असला तरी तोटीच्या आत साका बसून राहतो, आणि सकाळच्या पहिल्या ग्लासात तोच येतो.

हिशेब

भरलेल्या दिवसाचा खर्च असा. १२ लिटर दूध केंद्राच्या भावाने ३८४ रुपये. घरचं दूध फुकट धरायचं नाही यावर मी अडून बसलो होतो. बर्फ १६०, पाण्याचे दोन जार ६०, मसाला आणि फोडणी ६०, कागदी ग्लास १२०, रिक्षा १२०, जागा २०. एकूण ९२४. ग्लास २०० मिलिलिटरचा, १५ रुपयांना. साडेसतरा लिटर घट्ट ताकाचं पाणी घालून ३५ लिटर होतं. कागदावर १७५ ग्लास, पण सांडणं, चाखायला देणं, वर ओगराळ्याने टाकलेली धार धरून हातात १५५ येत. १५० गेले तर २२५० रुपये, म्हणजे १३२६ सुटले. खर्च निघायला ६२ ग्लास जावे लागतात.

पण रोज १५० जात नव्हते. मोसमाची सरासरी ११० च्या आसपास पडली, आणि दूध-बर्फ थोडा कमी करून खर्च ८९० वर आला. म्हणजे रोज ७६० रुपये, तुपाचे १८० धरून ९४०. दोघींत वाटून ४७०, पहाटे चार ते संध्याकाळी पाचच्या कामाचे. त्या उन्हाळ्यात तिथे खुरपणीची मजुरी ३०० होती. फरक आहे, पण ताकाच्या धंद्यात रोज दोन हजार सुटतात असं जे ऐकू येतं ते या वहीत कुठे सापडत नाही.

तोटा झाला तो दोनच प्रकारच्या दिवशी. एक, बाजार बंद असताना. आठवड्याची सुट्टी माहीत होती, अमावस्येला लिलाव नसतात हे मात्र पहिल्या अमावस्येला फाटकावर जाऊनच कळलं. दुसरा, अवकाळी पावसाचा. आभाळ भरून आलं की बाजारातला माणूस आपला माल झाकायला पळतो, ताक कोण पितो? मेमध्ये एका दुपारी बाराला वारं सुटलं आणि ४१ ग्लासांवर दिवस संपला. त्यानंतर रोजचा निर्णय संध्याकाळी सहाला होऊ लागला, संकलनाची गाडी यायच्या आधी. उद्या आवक किती, आभाळ कसं, लग्नाची दाट तिथी आहे का, कारण दाट तिथीला बाजार ओस पडतो. त्यावरून १२ लिटर ठेवायचं, की आठ, की सगळंच केंद्रावर घालायचं. एकदा विरजलं की ते दूध परत विकता येत नाही.

हमालांनी दराबद्दल कुरकुर केली होती. दर उतरवला नाही, पण जेवणाच्या वेळी दुसरा ग्लास १० रुपयांना दिला. त्या वेळी घट्ट ताक कालवलेलंच असतं आणि मागे उरण्याची भीती असते, म्हणून हा सौदा परवडला. उधारी मात्र दिली नाही. ती थोरलीने पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून टाकली होती.

हे बघून गटातल्या दुसऱ्या दोघींनी विचारलं, आम्हीही लावू का? त्यांच्याकडे जनावर नाही, दही डेअरीतून ८० रुपये किलोने आणावं लागणार. मग १२ किलो दह्याचे ९६० होतात, दिवसाचा खर्च १५०० वर जातो आणि तो निघायलाच शंभर ग्लास लागतात. तूप निघालं तर थोडा हात मिळेल, पण उरलेलं दही केंद्रावर परत घालता येणार नाही, अवकाळीचा एकेक दिवस पूर्ण अंगावर येईल. मी त्यांना चार किलो दह्यापासून, फक्त लिलावाच्या दिवशी, अकरा ते तीनपुरतं लावून बघा म्हणालो. रिक्षाचे १२० वाचवायला घर बाजाराजवळ हवं, आणि सुदैवाने त्या दोघी बाजारामागच्याच गल्लीत राहतात.